ओसरी रिकामी करू नका : वाढलेल्या ग्रुपच्या वाटणीबद्दल

आज ज्या विषयावर बोलणार आहे तो ऐकायला अगदी किरकोळ वाटेल. आपल्या मंडळाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप फार मोठा झाला, त्याचे विषयवार वेगळे ग्रुप करायचे आहेत, तर ते कसे करायचे? करणं सोपं आहे, दहा मिनिटांचं काम. पण हे काम उरकलं आणि नंतर मंडळात वर्षभर धुसफूस चालली, अशी उदाहरणं तुमच्याही शहरात असतील. म्हणून आज मी एकाच ग्रुपची गोष्ट नीट सांगणार आहे. तो आमचा, हैदराबादचा. मी त्याच्या तीन अ‍ॅडमिनपैकी एक.

हैदराबादची मराठी वस्ती दोन तऱ्हेची आहे, हे आधी सांगायला हवं, कारण सगळी गुंतागुंत तिथेच आहे. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे काचीगुडा, सुलतान बाजार, जांबाग या जुन्या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घरं आहेत. विवेक वर्धिनीसारखी शाळा तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उभी राहिली. या घरांना हैदराबाद हेच गाव. दुसरी वस्ती गेल्या वीस-पंचवीस वर्षांतली. पुण्या-मुंबईहून, नागपूर-नांदेडहून आयटीच्या नोकरीसाठी आलेली, गच्चीबावली, कोंडापूर, कुकटपल्ली भागात राहणारी. दोन्हींच्या मधे वीसेक किलोमीटरचं ट्रॅफिक. ही माणसं वर्षातून दोन-तीनदा, गणपतीत आणि दिवाळी पहाटेला, समोरासमोर भेटतात. एरवी त्यांना जोडणारी जागा एकच, हा ग्रुप.

त्यात ६४० माणसं झाली. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपात १,०२४ जण मावतात, तेव्हा जागेची अडचण नव्हती. अडचण अशी होती की एका संध्याकाळी कोणीतरी रुग्णासाठी रक्त हवं असल्याचा निरोप टाकला आणि तो एका आजोबांच्या पंच्याहत्तरीच्या शुभेच्छांखाली तासाभरात दिसेनासा झाला. रक्त मिळालं, पण दुसरीकडून. त्या आठवड्यात ‘ग्रुप फोडा’ असं म्हणणारे बरेच फोन आले, आणि बहुतेक गच्चीबावलीकडून.

आता इथे लोक सहसा काय करतात? एक अ‍ॅडमिन बसतो, डोक्यात येतील ते विषय लिहितो. नोकरी, घर, आरोग्य, नाटक-संगीत, ट्रेक, पाककृती, अध्यात्म, गप्पा. आठ ग्रुप तयार. आम्ही त्याआधी मोजायचं ठरवलं. ग्रुप उघडून `Export chat` केलं, फोटो-व्हिडिओ वगळून. त्यातून साध्या मजकुराची एक फाइल मिळते. ती लॅपटॉपवर घेऊन दोन आठवड्यांचे निरोप आम्ही दोघींनी वाचले आणि कागदावर रेघा मारत त्यांचे प्रकार मोजले. दोन संध्याकाळी गेल्या. या फाइलमध्ये सगळ्यांची नावं-नंबर असतात, म्हणून मोजणी झाली की ती पुसून टाकायची आणि मधल्या काळात कोणालाही पाठवायची नाही.

दोन आठवड्यांत साधारण १,९०० निरोप होते. ढोबळ हिशेब असा निघाला. वाढदिवस, अभिनंदन आणि श्रद्धांजली मिळून ७४०. सुप्रभात, सुविचार आणि फॉरवर्ड ४१०. घर भाड्याने, जुनी सायकल विकणे, मसाल्याच्या ऑर्डरी असलं ३८०. ‘इथे मराठी बोलणारे दाताचे डॉक्टर कोण’ अशा विचारपुशीचे १७०. मंडळाच्या कार्यक्रमांचे १५०. उरलेले ५० सटरफटर. नाटक-संगीत, ट्रेक, पाककृती, ज्यांच्यासाठी स्वतंत्र ग्रुप करायला आपण आतुर असतो, ते सगळे त्या पन्नासात बसले. ट्रेकचे निरोप होते सहा, आणि सहाही एकाच माणसाचे.

मोजल्याचा फायदा हा. सगळ्यात मोठा ढीग ७४०चा, आणि त्यासाठी ग्रुप फोडायची गरजच नव्हती. एका वाढदिवसाला पन्नास-साठ जण वेगवेगळं ‘हार्दिक शुभेच्छा’ लिहितात, त्याचा तो ढीग. वाढदिवसांचा वेगळा ग्रुप काढला तर तिथे कोणी जाणार नाही. शुभेच्छा चारचौघांत द्यायची गोष्ट आहे, खोलीत नेऊन द्यायची नाही. तेव्हा आम्ही वेगळं केलं. काचीगुड्याच्या एका काकूंना सगळ्यांचे वाढदिवस आधीच पाठ होते. त्यांना विनंती केली की रोज सकाळी आठ वाजता त्या दिवसाच्या नावांचा एकच निरोप तुम्ही टाका, बाकीच्यांनी त्यावर बोट दाबून फूल किंवा हात जोडायचे. व्हॉट्सअ‍ॅपवर ही निरोपावर चिन्ह उमटवायची सोय २०२२पासून आहे. श्रद्धांजलीला मात्र हे लावलं नाही. ज्यांच्या घरी माणूस गेलंय त्यांना लिहिलेला शब्द हवा असतो, आणि तो लोकांनी लिहावा. एवढ्या एका सवयीने महिन्याभरात तो ढीग अर्ध्याहून कमी झाला. कोणालाही कुठे हलवावं लागलं नाही.

मग दुसरा ढीग, ४१०चा. सुप्रभात आणि फॉरवर्ड. इथे सांभाळा. ग्रुप फोडा म्हणणाऱ्या बहुतेकांच्या मनात हाच ढीग असतो. सूचना आली होती की कामाचे सगळे विषय वेगळे काढा, आणि जुन्या ग्रुपला ‘गप्पा आणि इतर’ असं नाव द्या. वरवर पाहता कोणालाच काढलेलं नाही. पण मोजताना आम्ही प्रकारासमोर माणसंही लिहिली होती. सुप्रभात पाठवणारे जवळजवळ सगळे साठीच्या पुढचे आणि जुन्या भागातले. घर-सायकलवाले जवळजवळ सगळे चाळिशीच्या आतले आणि नव्या भागातले. म्हणजे विषयवार वाटणी म्हणता म्हणता ती वयाची आणि वस्तीची वाटणी झाली असती. एक काका, ज्यांनी हा ग्रुप सुरू व्हायच्या आधी तीस वर्षं मंडळाच्या पत्रिका हाताने वाटल्या होत्या, त्यांच्या कानावर हे गेलं. ते मला फोनवर म्हणाले, “अगं, सरळ सांग ना, आमची पंगत वेगळी मांडताय म्हणून.”

ते बरोबर म्हणत होते. वाटणीत दुखावतो तो नव्या ग्रुपात न घेतलेला माणूस, असं आपण समजतो. अनुभव उलटा आहे. ट्रेकच्या ग्रुपात मी नाही याचं मला काही वाटत नाही, मला ट्रेकला जायचंच नाही. दुखावतो तो जुन्या जागेत मागे राहिलेला. ज्या ओसरीवर सगळं गाव बसायचं तिथून एकेक जण आतल्या खोल्यांत जातो, आणि ओसरीवर बसलेल्याला कळतं की आता इथे कोणी येत नाही. त्यात त्या ओसरीवर ‘इतर’ अशी पाटी लावली, तर मग बोलायलाच नको.

म्हणून आम्ही नियम केला तो असा. जुना ग्रुप आहे तसाच राहील. तेच नाव, तोच गणपतीचा फोटो. मंडळाची प्रत्येक महत्त्वाची गोष्ट, कार्यक्रमाची तारीख, निधन, रक्ताची गरज, कोणाच्या मुलीचा दहावीचा निकाल, आधी इथेच येईल. इथून बाहेर काढायचं ते फक्त ओझं, म्हणजे ज्यात बहुतेकांना रस नाही आणि ज्याला उत्तर-प्रत्युत्तरं फार लागतात असं. सुप्रभात इथेच राहिलं. त्याबद्दल काही नव्या मंडळींनी कुरकूर केली. त्यांना सांगितलं की ग्रुप म्यूट करा, पण कोणाच्या ‘राम राम’ला आम्ही बंदी घालणार नाही. कोणी काही म्हणो, माझं मत अजूनही तेच आहे.

वेगळे ग्रुप मग तीनच निघाले. एक घर आणि खरेदी-विक्रीचा. दुसरा रविवारच्या मराठी वर्गाला येणाऱ्या मुलांच्या पालकांचा. तिसरा कार्यक्रमांच्या तयारीचा, म्हणजे मंडप कोणाचा, ढोल कुठून, जेवण किती जणांचं, हे ठरवणाऱ्यांचा. एखाद्या विषयाला ग्रुप द्यायचा की नाही याची आमची कसोटी साधी होती. दोन आठवड्यांत त्याचे निदान चाळीस निरोप असले पाहिजेत, आणि ते पाच-सहाहून जास्त माणसांनी लिहिलेले असले पाहिजेत. ट्रेकवाल्या तरुणाला हे आकडे दाखवले. तो हसला आणि म्हणाला, “म्हणजे मी एकटाच आहे तर.” त्याने ट्रेकचा निरोप मोठ्या ग्रुपातच टाकत राहावं असं ठरलं. तिथे वाचून पुढे दोन जण त्याच्याबरोबर अनंतगिरीला गेले. वेगळ्या ग्रुपात ते त्याला कधी सापडले नसते. विचारपुशीचे १७० निरोप कसोटीला उतरत होते, तरी ते आम्ही मुद्दाम हलवले नाहीत. ‘चांगला डॉक्टर कोण’ याचं उत्तर गच्चीबावलीच्या माणसाला काचीगुड्याचा माणूस देतो. दोन्ही वस्त्या ज्या धाग्याने बोलतात तो तोडायचा कशाला?

आता प्रत्यक्ष हलवाहलव. व्हॉट्सअ‍ॅपने २०२२च्या नोव्हेंबरात कम्युनिटी नावाची सोय आणली. अनेक ग्रुप एका छत्राखाली ठेवता येतात, आणि सभासदांना त्यांची यादी एका जागी दिसते. ज्याला हवा तो ग्रुप उघडून आत शिरता येतं. दुरावा टाळायला ही यादी फार कामाची. कारण माणूस दुखावतो तो बहुधा ग्रुप वेगळा आहे म्हणून नाही, तर असा ग्रुप आहे हे त्याला तिसऱ्याच कडून कळतं तेव्हा. कोणीतरी स्क्रीनशॉट पाठवतं आणि वर लिहिलेलं असतं एक अनोळखी नाव. म्हणून ज्या ग्रुपचं नाव सगळ्यांना माहीत नाही असा एकही ग्रुप मंडळाच्या नावाने असू नये. तयारीच्या ग्रुपलासुद्धा हे लागू आहे.

आम्ही कोणालाही स्वतः नव्या ग्रुपात घातलं नाही. अ‍ॅडमिन जेव्हा चाळीस जणांना एकदम घालतो, तेव्हा कोणाला घातलं याची ओळ सगळ्यांसमोर उमटते आणि एकेचाळिसावा ती वाचतो. शिवाय न विचारता घातलेल्याला बाहेर पडायचा संकोच वाटतो. आता कोणी बाहेर पडलं तर सूचना फक्त अ‍ॅडमिनला जाते हे खरं, पण गेल्या साठ दिवसांत कोण गेलं याची यादी ग्रुपातल्या कोणालाही उघडून पाहता येते. तेव्हा लिंक द्यायची, तीन आठवडे थांबायचं आणि ज्याचा तो येऊ द्यायचा. या तीन आठवड्यांत जुन्या ग्रुपात दर रविवारी एकच निरोप गेला. कोणते ग्रुप, कशासाठी, लिंक ही, आणि शेवटी ‘कुठेही गेला नाहीत तरी मंडळाचं काहीही चुकणार नाही’. हे वाक्य काकांना आधी वाचून दाखवलं होतं. त्यांनी ‘चुकणार नाही’च्या आधी ‘काहीही’ घालायला लावलं.

पोल मात्र घेतला नाही. ग्रुपातल्या पोलमध्ये कोणी कुठे मत दिलं ते नावानिशी दिसतं. ‘वाटणी हवी का’ असं विचारलं तर तरुणांची एक ओळ आणि वडीलधाऱ्यांची दुसरी ओळ सगळ्यांसमोर लागली असती. त्याऐवजी आम्ही तिघांनी पंचवीसेक फोन केले, निम्मे जुन्या भागात.

खरेदी-विक्रीच्या ग्रुपात एक गोष्ट जास्त केली. तिथे आत येणाऱ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात, आणि घर शोधणारे लोक ओळखीच्या ओळखीतून येतात. म्हणून तिथे अ‍ॅडमिनच्या मंजुरीशिवाय प्रवेश नाही अशी सेटिंग लावली. मंजुरी देणारे दोन अ‍ॅडमिन ठेवले, एक कोंडापूरचा आणि एक सुलतान बाजारचा. दोन्ही बाजूंना आपलं माणूस दारावर दिसलं की आत यायला सोपं जातं.

ग्रुप सुरू झाल्यावर पहिले काही आठवडे लोक जुन्या सवयीने मोठ्या ग्रुपातच ‘टू बीएचके हवा’ असं लिहितात. त्यावर कोणीतरी हमखास म्हणतं, “हे इथे नको, त्या ग्रुपात टाका.” याइतकं माणसाला गप्प करणारं दुसरं काही नाही. ६४० जणांसमोर टोकलेला माणूस पुन्हा कुठेच लिहीत नाही. आमच्याकडे असं ठरलं की अ‍ॅडमिनने तो निरोप गुपचूप योग्य ग्रुपात पाठवायचा आणि त्या माणसाला खासगीत कळवायचं, “तुमचं घराचं तिकडे टाकलंय, दोघांनी उत्तर दिलंय, ही लिंक.” पुढच्या वेळी तो आपणहून तिथे जातो, कारण तिथे उत्तर मिळतं हे त्याने पाहिलेलं असतं.

बिघडलं ते तिसऱ्या ग्रुपात. तयारीच्या ग्रुपात अठ्ठावीस जण होते, उत्साही. कोजागरीची तारीख एका रात्री तिथेच ठरली, हॉलही सांगून झाला, आणि मोठ्या ग्रुपात तयार पत्रिका येऊन पडली. खाली पहिलाच प्रश्न आला, “हे कधी ठरलं?” हा प्रश्न दिसला की समजायचं, कामाच्या खोलीचं निर्णयाच्या खोलीत रूपांतर झालं. लोक तारखेवर नाराज नव्हते. तारीख ठरताना आपण तिथे नव्हतो, यावर होते. त्यानंतर नियम झाला की तयारीच्या ग्रुपात काय हवं ते बोला, पण तारीख, जागा आणि वर्गणी या तीन गोष्टी मोठ्या ग्रुपात प्रस्ताव म्हणून तीन दिवस राहतील आणि त्यानंतरच पक्क्या होतील. पहिल्याच खेपेला एका काकूंनी दाखवून दिलं की सुचवलेल्या रविवारी शहराच्या जुन्या भागात मोठी मिरवणूक आहे, रस्ते बंद असतील. अठ्ठावीस जणांपैकी ते कोणाला ठाऊक नव्हतं.

दुसरी अडचण आम्हाला कळलीच नसती, जर पुन्हा मोजलं नसतं. आधीच्या मोजणीत ६४०पैकी २८० जणांनी दोन आठवड्यांत निदान एकदा काहीतरी लिहिलं होतं. आम्ही ती नावं वहीत उतरवून ठेवली होती. सहा आठवड्यांनी पुन्हा दोन आठवडे मोजले आणि त्या २८०पैकी आता कुठल्याच ग्रुपात न दिसणारे शोधले. असे ४४ निघाले. ग्रुप शांत झाला म्हणून सगळे खूश होते, पण शांतता दोन प्रकारची असते. वाटणी साधली की नाही हे निरोप किती कमी झाले यावरून ठरत नाही. बोलणारी माणसं तीच आहेत का, यावरून ठरतं.

त्या ४४ जणांना आम्ही तिघांनी वाटून घेऊन फोन केले. बरेच जण गावी गेले होते, कोणाच्या घरी परीक्षा होत्या, दोघांचे फोन बिघडले होते. पण ११ जणांचं उत्तर एकच होतं, आणि ते ऐकून आम्ही गारच पडलो. “आम्हाला लिहायला बंदी केलीय ना?” झालं होतं असं. जुना ग्रुप कम्युनिटीत घेतला की त्यातले सगळे आपोआप कम्युनिटीच्या सूचनांच्या ग्रुपातही येतात. त्या ग्रुपात नवा निरोप फक्त अ‍ॅडमिनच टाकू शकतात. या मंडळींनी मंडळाचं नाव पाहून तोच उघडला, खाली लिहायची जागाच नव्हती, आणि त्यांनी समजून घेतलं की आपल्याला गप्प बसवलंय. अकरापैकी नऊ जण सत्तरीच्या पुढचे. कोणीही तक्रार केली नव्हती. मागितलेली नसताना मिळालेली शिक्षा मुकाट्याने सोसतात, तसे ते सहा आठवडे वाचत बसले होते.

उपाय दहा मिनिटांचा होता. सूचनांच्या ग्रुपचं चित्र बदलून तिथे लाल घंटा लावली. जुन्या ग्रुपावर गणपती होताच. मग त्या अकरा घरी फोन करून, शक्य तिथे घरातल्या नातवाला बसवून, गणपतीवाला ग्रुप यादीत सगळ्यात वर पिन करून दिला. आणि सूचनांच्या ग्रुपात महिन्याला दोनहून अधिक निरोप टाकायचे नाहीत असं ठरवलं, म्हणजे तो वर येऊन पुन्हा घोटाळा व्हायला नको. तुम्ही कम्युनिटी करणार असाल तर चित्रांचं हे काम पहिल्या दिवशीच उरका.

एक मर्यादा सांगते. हे सगळं चालतं ते ग्रुप फुगला असेल तेव्हा. मंडळात भांडण असेल, दोन गट एकमेकांचं तोंड पाहत नसतील आणि ‘विषयवार’ हा नुसता बहाणा असेल, तर मोजणी, लिंका, चित्रं कशाचाच उपयोग नाही. ते ओळखायची खूण सोपी आहे. सुचवलेल्या प्रत्येक ग्रुपापुढे कोण कोण येईल ती नावं लिहा. विषय बदलला तरी नावांची यादी तीच राहत असेल, तर तिथे विषय नाहीच. मग सगळ्यांना एका खोलीत बसवून चहा पाजणं भाग आहे.

उरला प्रश्न ग्रुप मिटवायचा. दिवाळीच्या आधी खरेदी-विक्रीत फराळाच्या ऑर्डरींचा पूर आला, तेव्हा आम्ही महिन्यापुरता चौथा ग्रुप काढला आणि त्याच्या नावातच ‘भाऊबीजेपर्यंत’ असं लिहिलं. भाऊबीजेला रात्री तो बंद केला. त्याआधी चकलीवाल्या, अनारशांवाल्या सात जणींची नावं आणि त्यांनी सांगितले तेव्हाचे भाव एका निरोपात लिहून मोठ्या ग्रुपात ठेवले, तीस दिवस पिन करून. पाडव्यापर्यंत ज्यांना काहीच कळलं नव्हतं असे काका तेव्हा म्हणाले की त्यांना अनारसे हवे होते. ते तुळशीच्या लग्नाला मिळाले.